हिरा घट्ट आहे, पण प्राँग उरलेत का?

*काका, माझी लग्नातली अंगठी १८ कॅरेट व्हाइट गोल्डची आहे. वर ३० सेंटचा एकच हिरा, चार प्राँगमध्ये, म्हणजे हिरा धरून ठेवणाऱ्या धातूच्या चार बारीक आकड्यांमध्ये. अकरा वर्षं रोज बोटात आहे. दरवर्षी धनत्रयोदशीच्या आधी पॉलिश आणि रोडियम करून आणते. या महिन्यात ती ओढणीत अडकायला लागली. इतवारीतल्या दुकानात दाखवली, तर म्हणाले प्राँग झिजलेत, रिटिपिंग करावं लागेल. पण हिरा तर जराही हलत नाही! नणंद म्हणते, पक्कडीनं दाबून घे, झालं काम. रिटिपिंगमध्ये नेमकं काय करतात? आगीनं हिरा खराब होईल का? आणि दरवर्षी दुकानात जाऊनही हे आधी कसं कळलं नाही? सासूबाईंची पाचूची अंगठी आहे, तीही सोबत द्यावी का?*
*— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर*

ताई, आधी ती अंगठी बोटातून काढा आणि छोट्या झिपच्या पाकिटात ठेवा. नुसती डबीत टाकू नका. हिरा निसटलाच तर पाकिटातच सापडेल. आता सावकाश वाचा.

हिरा हलत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, असं बहुतेकांना वाटतं. गोम तिथेच आहे. प्राँगच्या आतल्या अंगाला एक बारीक खाच कापलेली असते. हिऱ्याची सगळ्यात रुंद कड त्या खाचेत बसते आणि खाचेच्या वरचं टोक हिऱ्यावर वळवून दाबलेलं असतं. तुमच्या ३० सेंटच्या गोल हिऱ्याचा व्यास साधारण ४.३ मिलिमीटर असणार. एवढ्या हिऱ्याला प्राँगची तार एक मिलिमीटरच्या आसपास जाड असते, आणि हिऱ्यावर आलेल्या टोकाची उंची नव्या अंगठीत साधारण अर्धा मिलिमीटर. हिऱ्याला वर उडू न देणारं जे काही आहे ते म्हणजे हे अर्ध्या मिलिमीटरचं टोक.

झीज होते ती या टोकाची, वरून खाली. खालची खाच मात्र जशीच्या तशी राहते, कारण तिला बाहेरच्या कशाचा स्पर्शच होत नाही. त्यामुळे टोक कागदाइतकं पातळ झालं तरी हिरा खाचेत घट्ट बसलेला असतो. हलवून पाहिलं तर हलत नाही, आणि माणूस निश्चिंत होतो. मग एक दिवस तो पातळ पापुद्रा टॉवेलच्या धाग्यात अडकतो, वर उचलला जातो, आणि चार प्राँगच्या अंगठीत एक प्राँग गेला की उरलेल्या तिघांना हिरा तिरपा होऊन निसटण्यापासून फार काळ थोपवता येत नाही. सहा प्राँगच्या अंगठीत एक गेला तरी थोडी सवलत मिळते. तुमच्या अंगठीत ती नाही. खड्याचा घट्टपणा खाचेबद्दल सांगतो, टोकाबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून वर्षातून एकदा तपासायचं ते टोक.

आता दरवर्षी दुकानात जाऊनही कळलं कसं नाही ते सांगतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण तुमच्या अंगठीच्या झिजेला त्या दरवर्षीच्या पॉलिशचाही हातभार आहे. रोडियम म्हणजे व्हाइट गोल्डवर चढवतात तो पांढरा, चमकदार धातू. त्याचा थर मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ असतो. खालच्या धातूवर ओरखडा असेल तर तो थरातूनही दिसतो. म्हणून रोडियम चढवण्याआधी अंगठी बफच्या चाकावर आरशासारखी घासून घ्यावी लागते. घासणं म्हणजे धातू काढणंच. आणि अंगठीत सगळ्यात वर आलेला भाग कोणता? प्राँगचं टोक. चाक पहिलं त्यालाच लागतं. एका वेळी जाणारा धातू नगण्य असतो, पण तुम्ही ते अकरा वर्षं न चुकता केलंत. त्यात रोजची झीज वेगळीच: भांडी घासणं, गाडीचं हँडल, शेजारच्या बोटातली दुसरी अंगठी. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत बोटं बारीक होतात, अंगठी फिरते, हिरा तळव्याकडे जातो आणि जे काही धराल त्यावर प्राँग घासत राहतात. उन्हाळ्यात बोटं सुजतात तेव्हा हे होत नाही.

दुसरं असं की रोडियम चढलं की सगळं नव्यासारखं पांढरंशुभ्र दिसतं. दुकानातून अंगठी घेताना तुम्ही ती चमक पाहता आणि खूश होऊन घरी येता. तपासणीसाठी याहून वाईट वेळ नाही. व्हाइट गोल्डचा मूळ रंग किंचित पिवळसर असतो. रोडियम आधी तिथून उडतं, जिथे घासणं जास्त होतं. म्हणजे पॉलिशला देण्याआधीच्या जुन्या, मळक्या अंगठीत प्राँगच्या टोकांवर पिवळसर ठिपके दिसले, तर झीज कुठे चालू आहे याचा तो फुकटचा नकाशा असतो. पॉलिश करून आपण तो पुसून टाकतो. आणि धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात काउंटरवरच्या पोराकडे भिंगातून चारही टोकं पाहायला वेळ असतो, अशी अपेक्षा ठेवू नका. वार्षिक तपासणी आणि वार्षिक पॉलिश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दरवर्षी हवी. दुसरी अंगठी खरोखर पिवळट दिसायला लागली तरच.

मी पितृपक्षात तपासून घ्यायला सांगतो. त्या पंधरवड्यात नवं सोनं घ्यायला कोणी येत नाही, सराफ्यात कारागिराला श्वास घ्यायला फुरसत असते आणि तो दहा मिनिटं भिंग लावून बसू शकतो. दुरुस्तीला मुहूर्त लागत नाही.

घरी तपासायचं असेल तर आधी अंगठी धुवा, कारण मळाखाली काहीच दिसत नाही. कणीक, साबण, हाताला लावायची क्रीम, सगळं हिऱ्याच्या खाली जाऊन घट्ट बसतं. कधी कधी सैल खडा या मळानेच धरून ठेवलेला असतो आणि धुतल्यावर पहिल्यांदा खुळखुळतो. लोक म्हणतात धुतल्यामुळे सैल झाला. सैल तो आधीच होता. एका वाटीत कोमट पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका, अंगठी वीस-पंचवीस मिनिटं भिजू द्या आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशने खालच्या बाजूने घासा. हे सिंकवर करू नका. वाटीतच करा, आणि वाटीतलं पाणी गाळणीतून ओता.

कोरडी झाली की खिडकीजवळ उजेडात बसून अंगठी आडवी धरा, म्हणजे हिरा समोरून न दिसता बाजूने दिसला पाहिजे. वरून पाहिलं तर प्राँगची रुंदी कळते, उंची कळत नाही, आणि आपल्याला उंचीच हवी आहे. निरोगी टोक हिऱ्यावर पालथ्या घातलेल्या अर्ध्या मोहरीसारखं गोल फुगीर दिसतं. झिजलेलं टोक सपाट असतं, त्याची कड हिऱ्यात विरघळल्यासारखी दिसते, आणि बोट फिरवलं तर प्राँग आहे की नाही हेही लवकर कळत नाही. तुमचा फोन जवळचा फोटो नीट काढत असेल तर चारही प्राँगचे बाजूने फोटो काढा आणि तारखेसकट ठेवून द्या. पुढच्या वर्षी त्याच कोनातून पुन्हा काढा. भिंगाचा सराव नसलेल्या माणसालाही दोन फोटो शेजारी ठेवले की फरक दिसतो. दहा पट मोठं दाखवणारं सराफी भिंग मिळालं तर उत्तमच, ते फार महाग नसतं.

यानंतर अंगठी एखाद्या मलमलीच्या किंवा नायलॉनच्या पातळ कापडावरून चारही दिशांनी हलकेच ओढा. कुठे धागा अडकला तर त्या प्राँगचं टोक हिऱ्यावरून उचललं गेलंय किंवा त्याची कड धारदार झालीय. तुमच्या ओढणीने हीच परीक्षा आधीच घेतलीय. पण यात एक मेख आहे, ती नीट लक्षात ठेवा. अडकणारा प्राँग दिसतो तरी. पूर्ण सपाट झिजलेला प्राँग कुठेच अडकत नाही, उलट अंगठी आधीपेक्षा मुलायम वाटते. लोक मला कौतुकाने सांगतात, आता अजिबात टोचत नाही हो. अशी अंगठी मी पहिली भिंगाखाली घेतो.

शेवटी अंगठी कानाजवळ धरून दुसऱ्या बोटाने हलकी टिचकी मारा. कट-कट असा बारीक आवाज आला तर खडा खाचेत हलतोय. लाकडी टूथपिकने हिऱ्याच्या कडेला अगदी हलका दाब देऊन तो गोल फिरतो का हेही पाहता येतं. सुईने किंवा चिमट्याने करू नका, आणि खालून वर ढकलून तर मुळीच नाही.

खडा आता निघण्याच्या बेतात आहे हे सांगणाऱ्या खुणा या आहेत: टिचकीला आवाज येणं, खडा फिरणं, बाजूने पाहिल्यावर हिऱ्याचा वरचा सपाट चेहरा एका बाजूला कललेला दिसणं, प्राँग आणि हिरा यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसणं किंवा तिथे कापसाचा तंतू अडकून बसणं, आणि अर्थातच एखाद्या प्राँगचं टोक जाग्यावर नसणं. यातलं एकही दिसलं तर अंगठी घालायची नाही, ‘रविवारी दाखवू’ म्हणून बोटात ठेवायची नाही. नुसती सपाट टोकं असतील आणि खडा घट्ट असेल, तर एक-दोन आठवडे उशीर झाला तरी चालेल, पण तोवर ती पाकिटातच राहू द्या.

आता नणंदेच्या पक्कडीचं बघू. त्यांचं म्हणणं सरसकट चूक नाही. प्राँगचं टोक जाड आहे, नुसता धक्का लागून वर उचललंय, अशा वेळी जडाईचा कारागीर ते दाबून खड्यावर बसवतो आणि काम होतं. तुमच्याकडे तसं दिसत नाही, कारण दुकानदाराने झीज सांगितली आहे आणि अकरा वर्षांच्या बफचा हिशेबही तेच सांगतो. झिजलेला प्राँग दाबला की दोन गोष्टी होतात. खाचेपाशी तार आधीच कमी झालेली असते, कारण खाच कापताना तिची जाडी एक तृतीयांशाच्या आसपास जाते. सोनं तिथे पुन्हा पुन्हा वाकवलं की ते कडक होतं, मग ठिसूळ, आणि एक दिवस खाचेतूनच तडकतं. शिवाय दाबल्याने खडा तात्पुरता घट्ट होतो, म्हणजे जी एक खूण बोलत होती तीही गप्प बसते. घरातल्या पक्कडीने केलंत तर हिऱ्याच्या कडेचा टवका उडू शकतो. हिरा कठीण असतो, त्याला ओरखडा पडत नाही, पण पातळ कडेवर नेमक्या दिशेने दाब आला तर तो फुटतो.

रिटिपिंग म्हणजे झिजलेल्या टोकावर नवं सोनं चढवून ते पुन्हा घडवणं. हे दोन पद्धतींनी होतं, आगीने किंवा लेझरने, आणि दोन्हींत सुरुवात एकच आहे. अंगठी अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये नीट स्वच्छ करायची, भिंगाखाली हिऱ्यात आधीपासून भेग किंवा टवका आहे का ते बघून ग्राहकाला दाखवून ठेवायचं, आणि खडा घट्ट आहे ना ते तपासायचं. सैल खड्यावर रिटिपिंग करण्यात अर्थ नाही, आधी तो बसवायचा. स्वच्छतेचा आग्रह एवढ्यासाठी की हिऱ्याखाली उरलेला तेलकट मळ आगीत जळून खड्यावर डाग सोडतो.

आगीच्या पद्धतीत हिरा अंगठीतच राहतो. कारागीर झिजलेली टोकं कानशीने सपाट आणि ताजी करतो. मग अंगठीवर स्पिरिटमध्ये कालवलेल्या बोरिक पावडरचा लेप देतो. स्पिरिट पेटवून दिलं की मागे पांढरा थर उरतो. हिरा हा शेवटी कार्बन आहे. साधारण ७०० ते ८०० अंशांच्या पुढे उघड्या हवेत तापला तर त्याचा पृष्ठभाग जळायला लागतो आणि तो दुधाळ दिसतो. नवं सोनं जोडायला जो डाख लागतो, तो वितळण्याचं तापमानही त्याच्या जवळपासच असतं. तो पांढरा थर हवा अडवतो, म्हणून हिरा वाचतो. हे रोजचं काम आहे आणि जाणत्या हातात हिऱ्याला काही होत नाही. मग प्रत्येक टोकावर त्याच जातीच्या, म्हणजे १८ कॅरेट व्हाइट गोल्डच्या तारेचा बारीक तुकडा किंवा मणी ठेवून टाकणखार आणि डाख लावून आच दिली जाते. तुकडा बसला की अंगठी आपोआप गार होऊ द्यायची. घाईने पाण्यात बुडवली तर तापलेला खडा तडकण्याची भीती असते, आणि आळशी कारागीर नेमकं तेच करतो. गार झाल्यावर लेप आणि काळपटपणा सौम्य आम्लात काढतात, टोकांना कानशीने आकार देतात, वाटीसारख्या पोकळ तोंडाच्या, बर नावाच्या फिरत्या हत्याराने गोल करतात, खड्यावर नीट बसवतात आणि मग पॉलिश आणि रोडियम.

लेझरमध्ये यंत्राच्या सूक्ष्मदर्शकात पाहत पाहत बारीक तार थेंबाथेंबाने टोकावर वितळवली जाते. उष्णता त्या ठिपक्यापुरती राहते, बाकी अंगठी हातात धरता येते, डाख लागत नाही. उष्णता न सोसणाऱ्या खड्यांसाठी हे बरं. पण लेझरचा झोत चुकून खड्यावर पडला तर खड्याला इजा होते, आणि घाईत भरलेल्या टोकात बारीक पोकळ्या राहतात. नागपुरात हे यंत्र प्रत्येक गल्लीत नाही, मोठ्या दुकानांकडे किंवा त्यांच्या कामाच्या कारखान्यात विचारावं लागेल. तुमच्या साध्या हिऱ्यासाठी आगीचं काम चांगल्या कारागिराकडून झालं तर मला त्यात कमीपणा वाटत नाही. यंत्रापेक्षा हात पाहा.

एक अट मात्र आहे. तुमच्या हिऱ्यात भेग काचेने भरलेली नाही ना, हे प्रमाणपत्रावर पाहून घ्या. तसा हिरा आगीत टिकत नाही. लग्नातल्या प्रमाणित ३० सेंटच्या हिऱ्यात हे सहसा नसतं. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा असेल तर त्याचं वागणं खाणीतल्या हिऱ्यासारखंच.

काम चुकतं कुठे, तेही सांगतो, म्हणजे अंगठी परत घेताना काय पाहायचं ते कळेल. सगळ्यात नेहमीची लबाडी म्हणजे सोन्याची तार न लावता नुसत्या डाखाचा गोळा टोकावर बसवणं. दिसायला गोल दिसतं, पण डाख मऊ असतं, लवकर झिजतं, आणि रोडियम उडाल्यावर त्याचा रंग वेगळा पडतो. म्हणून देतानाच विचारा, ‘तार लावणार की नुसता डाख?’ हा प्रश्न ऐकला की समोरचा माणूस सरळ बसतो. दुसरी चूक म्हणजे डाख वाहून खाचेत किंवा खड्यावर उतरणं. भिंगातून ती खड्यावर पसरलेली पांढरी कड म्हणून दिसते. तिसरी चूक म्हणजे टोकं अवाढव्य सोडणं. हिरा झाकला जातो आणि अंगठी पुन्हा ओढणीत अडकते. तयार अंगठी तुम्ही त्याच मलमलीवरून ओढून पाहा, दुकानातच. कोणी हसलं तर हसू द्या.

रिटिपिंगने फक्त वरचं टोक परत येतं, हे विसरू नका. प्राँगचा खालचा दांडाच बाजूने बारीक झाला असेल, किंवा खाचेत तडा दिसत असेल, तर वर कितीही सोनं चढवा, ते कमकुवत खांबावर छप्पर घालण्यातला प्रकार होतो. मग प्राँग मुळापासून नवा लावावा लागतो, किंवा चारही तसेच असतील तर हिऱ्याची अख्खी कटोरी बदलणं शहाणपणाचं. हे ठरवायला बाजूचा फोटो पुन्हा कामाला येतो: दांडा खालून खाचेपर्यंत सारख्या जाडीचा दिसतोय का? दिसत असेल तर रिटिपिंग पुरे. आणि चारांपैकी दोनच करून देऊ का, असं कोणी विचारलं तर चारही करा. सगळे एकाच चाकाखालून गेलेत, आणि उरलेल्या दोघांसाठी दोन वर्षांनी पुन्हा आच द्यायची वेळ का आणायची.

पैशाचं सांगायचं तर मजुरी सहसा दर प्राँगवर ठरते आणि रोडियमचे वेगळे लागतात. आकडा आधी विचारून पावतीवर लिहून घ्या. सोनं मात्र अगदी नगण्य लागतं. एक मिलिमीटर जाड, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी लांब तार म्हणजे सात-आठ मिलिग्रॅम. चारही मिळून तीस मिलिग्रॅमच्या आसपास, त्यातलंही काही कानशीत जातं. तेव्हा सोन्याच्या वजनाच्या नावाखाली मोठी रक्कम सांगितली तर थांबा. देताना अंगठीचं वजन मिलिग्रॅमपर्यंत पावतीवर लिहा आणि परत घेताना त्याच काट्यावर करा. फरक जवळपास शून्य असला पाहिजे.

हिरा बदलण्याची धास्ती प्रत्येकाला असते, फक्त कोणी बोलून दाखवत नाही. तुमच्या प्रमाणपत्रावर लिहिलं असेल तर हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक असतो. भिंगाखाली तो देण्याआधी आणि घेतल्यावर दोन्ही वेळा दाखवायला सांगा. नवं टोक नेमकं त्या क्रमांकावर येऊन तो झाकला जाऊ शकतो, म्हणून कोणत्या प्राँगजवळ आहे ते आधीच पाहून ठेवा. क्रमांक कोरलेला नसेल तर हिऱ्यातल्या एखाद्या खास ठिपक्याची जागा भिंगातून बघून घ्या. प्रामाणिक सराफाला याचा राग येत नाही.

सासूबाईंच्या पाचूला या कामात सोबत धाडू नका. पाचूमध्ये जन्मजात भेगा असतात आणि बहुतेक पाचू तेल मुरवून विकले जातात. आचेत तेल उडतं, भेगा पांढऱ्या दिसायला लागतात आणि खडा फुटूही शकतो. त्याला अल्ट्रासॉनिक मशीनही नको आणि गरम पाणीही नको, नुसत्या ओल्या मऊ कापडाने पुसा. ती अंगठी आधी फक्त भिंगाखाली दाखवा. प्राँग झिजले असतील तर दोनच मार्ग: खडा काढून काम करून पुन्हा बसवणं किंवा अनुभवी माणसाकडून लेझर. पाचू काढतानाच तुटण्याचा धोका असतो, त्यामुळे दुकानदाराकडून ‘तुटला तर जबाबदारी कोणाची’ हे लिहून घेतल्याशिवाय हातात देऊ नका. घरात पुष्कराज किंवा नीलमची अंगठी असेल तर तीही सांगून ठेवा. ते खडे आच सोसतात, पण टाकणखार लागला तर त्यांचा पृष्ठभाग खरखरीत होतो, म्हणून तिथेही खडा काढूनच काम करायचं.